पट्टे सारख्या अंतरावर का दिसतात?

अंधाऱ्या खोलीत लाल लेसरच्या वाटेत एक काळी काच धरावी. काचेच्या काळ्या लेपात अगदी जवळजवळ दोन बारीक उभ्या फटी कोरलेल्या. समोरच्या भिंतीवर दोन लाल रेघा पडतील असे वाटते, पण पडते ते वेगळेच: एका आडव्या ओळीत लाल, काळा, लाल, काळा असे पट्टे. पट्टी लावून मोजले तर लागोपाठच्या कोणत्याही दोन लाल पट्ट्यांमधले अंतर सारखेच भरते. मधल्या दोघांत जेवढे, तेवढेच कडेच्या दोघांत.

बारावीला विज्ञान घेतलेल्या प्रत्येकाने हा प्रयोग निदान कागदावर तरी केलेला असतो. सूत्रही पाठ असते: तरंगलांबीला पडद्याच्या अंतराने गुणायचे आणि दोन फटींमधल्या अंतराने भागायचे. सूत्रात कोन नावालाही नाही. पण ते ज्या आकृतीतून निघते तिच्यात एकीकडे साइन आहे, दुसरीकडे टॅन आहे. मग मध्येच ‘कोन अतिशय लहान असल्यामुळे’ अशी एक ओळ येते आणि दोन्ही गळून पडतात. विद्यार्थी ती ओळ उतरवून घेतात आणि पुढे जातात. खरे तर पट्टे सारख्या अंतरावर दिसतात ते त्याच ओळीच्या जोरावर. ती ओळ जिथे लागू पडत नाही तिथे पट्टेही सारखे राहत नाहीत.

प्रयोग थॉमस यंग या इंग्रज डॉक्टरच्या नावाने ओळखला जातो. प्रकाश म्हणजे कणांचा मारा की लाटा, हा वाद तेव्हा जोरात होता आणि न्यूटनच्या नावाचे वजन कणांच्या पारड्यात होते. नोव्हेंबर १८०३ मध्ये यंगने रॉयल सोसायटीपुढे जो प्रयोग सांगितला त्यात फटी नव्हत्याच. खिडकीच्या झडपेला पाडलेल्या सुईएवढ्या छिद्रातून उन्हाची तिरीप आत घेऊन त्याने तिच्यात इंचाचा तिसावा भाग रुंद अशी पुठ्ठ्याची पट्टी कडेवर धरली. पट्टीच्या सावलीत रंगीत रेघा दिसल्या, आणि एका बाजूने येणारा प्रकाश अडवताच त्या नाहीशा झाल्या. म्हणजे रेघा पडायला दोन्ही बाजूंचा प्रकाश लागत होता. दोन छिद्रांची किंवा फटींची मांडणी त्याने १८०७ साली छापलेल्या आपल्या व्याख्यानांत सांगितली. त्याच ग्रंथात त्याने टोकाच्या लाल प्रकाशाची तरंगलांबी इंचाचा छत्तीस हजारावा आणि टोकाच्या जांभळ्याची साठ हजारावा भाग दिली आहे. आजच्या मापात हे सुमारे ७०६ आणि ४२३ नॅनोमीटर होतात. दोनशे वर्षांपूर्वीचे हे आकडे आजही चालतील असे आहेत. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. एवढी सूक्ष्म गोष्ट साध्या पट्टीने मोजता येते, कारण दोन फटी तिला हजारो पटींनी फुगवून भिंतीवर मांडतात. किती पटींनी, हेच ते सूत्र सांगते.

पट्टे मुळात का पडतात ते आधी पाहू. समजा, दोन माणसे एकाच क्षणी, दोघेही डावा पाय पुढे टाकून, वेगवेगळ्या वाटांनी एकाच झाडाकडे निघाली. दोघांच्या ढांगा सारख्या, वेगही सारखा. दोन्ही वाटांच्या लांबीत बरोबर एका ढांगेचा, दोन ढांगांचा किंवा कितीही पूर्ण ढांगांचा फरक असेल, तर झाडाशी त्यांची पावले जुळलेली असतील. (ढांग म्हणजे इथे डाव्यापासून पुन्हा डाव्यापर्यंत, असे धरू.) फरक अर्ध्या ढांगेचा असेल तर एकाचा डावा पडेल तेव्हा दुसऱ्याचा उजवा पडेल. प्रकाशात ढांगेच्या जागी तरंगलांबी. पावले जुळली की दोन लाटा एकमेकींत भर घालतात आणि तिथे उजेड होतो, उलटी पडली की एक दुसरीला खोडून काढते आणि तिथे काळोख होतो. भिंतीवरचा प्रत्येक पट्टा म्हणजे दोन वाटांच्या लांबीतला फरक, ज्याला पथांतर म्हणतात. मधला लाल पट्टा शून्य पथांतराचा, त्याच्या शेजारचा एका तरंगलांबीचा, त्यापलीकडचा दोनचा.

आता प्रश्न एवढाच उरतो की एका तरंगलांबीचा फरक पडायला भिंतीवर किती सरकावे लागते. हे दोन टप्प्यांत काढतात, आणि दोन टप्प्यांना दोन वेगळे त्रिकोण लागतात.

पहिला त्रिकोण फटींपाशी आहे आणि तो अगदी चिमुकला आहे. दोन फटींमधले अंतर d म्हणू. भिंत फटींपासून इतकी दूर आहे की भिंतीवरच्या एकाच बिंदूकडे जाणारे दोन किरण फटींतून निघताना जवळजवळ समांतर असतात. सरळ समोरच्या दिशेशी ते θ एवढा कोन करतात असे धरू. एका फटीपासून दुसऱ्या किरणावर लंब टाकला की काटकोन त्रिकोण तयार होतो. त्याचा कर्ण d, आणि कोनासमोरची बाजू म्हणजेच पथांतर. समोरची बाजू भागिले कर्ण म्हणजे साइन. म्हणून लाल पट्ट्याची अट अशी:

d sin θ = mλ

इथे λ म्हणजे तरंगलांबी आणि m म्हणजे मधल्यापासून कितवा पट्टा तो क्रमांक.

दुसरा त्रिकोण खोलीएवढा आहे. फटींपासून भिंतीपर्यंतचे सरळ अंतर D हा त्याचा पाया. भिंतीवर मधल्या पट्ट्यापासून आपल्या पट्ट्यापर्यंतचे अंतर y ही त्याची उभी बाजू. प्रकाश ज्या तिरक्या रेषेने जातो तो कर्ण. आपण भिंतीवर y मोजतो आणि फरशीवर D मोजतो, कर्ण कोणी मोजत नाही. समोरची बाजू भागिले पाया म्हणजे टॅन, म्हणून

y = D tan θ

कोन दोन्हीकडे तोच आहे. पण लाटांचा नियम साइनमध्ये बोलतो आणि आपली टेप टॅनमध्ये. या दोघांची गाठ घालायला ‘लहान कोन’ ही ओळ येते. कोन लहान असेल तर sin θ आणि tan θ इतके जवळ येतात की एकाच्या जागी दुसरा ठेवला तरी काही बिघडत नाही. मग पहिल्या समीकरणात sin θ ऐवजी tan θ, म्हणजे y/D, घातले की

y = mλD/d

m एकाने वाढला की y दर वेळी तेवढ्याच λD/d ने वाढतो. पट्टे सारख्या अंतरावर आले ते इथे. पहिले समीकरण नीट पाहिले तर लक्षात येईल की समान पावलांनी वाढत होता तो θ चा साइन. भिंतीवरचे अंतर समान पावलांनी वाढेल असे त्या समीकरणात कुठेच म्हटलेले नव्हते.

साइन आणि टॅन जवळ का येतात, हे खोलीएवढ्या त्रिकोणाकडे पाहून सहज कळते. दोघांचा अंश एकच आहे, y. छेद तेवढा वेगळा: टॅनमध्ये पाया, साइनमध्ये कर्ण. पाया दोन मीटर आणि उभी बाजू दोन सेंटिमीटर असा लांबोळका त्रिकोण काढला, तर कर्ण पायापेक्षा किती लांब असेल? मिलिमीटरचा दहावा भाग. दोन मीटरांत एवढा फरक साध्या टेपवर दिसणारही नाही. कर्ण आणि पाया ओळखू येऊ नयेत इतके सारखे झाले, की साइन आणि टॅनही सारखे होणारच.

तिसरा एक गडी याच खेळात आहे, तो म्हणजे खुद्द कोन, पण रेडियनमध्ये मोजलेला. दहा अंशांचा कोन घेतला तर तो ०.१७४५ रेडियन भरतो. त्याचा साइन ०.१७३६ आणि टॅन ०.१७६३. साइन कोनापेक्षा किंचित कमी, टॅन किंचित जास्त, आणि टॅनचा चढ साइनच्या उतारापेक्षा साधारण दुप्पट. म्हणूनच θ च्या जागी टॅन घेण्यात साइनपेक्षा जास्त चूक होते. साइन आणि टॅन यांची थेट अदलाबदल केली तर चूक आणखी मोठी होते, कारण चढ आणि उतार दोन्ही तिच्यात एकत्र येतात. पाच अंशांपर्यंत ती ०.४ टक्क्याच्या आत राहते, दहा अंशांना दीड टक्का होते, आणि पुढे झपाट्याने वाढते. कोन दुप्पट केला की चूक चौपट, असा तिचा वाढीचा हिशेब आहे.

रेडियनवरून एक इशारा. कोनच टॅनच्या जागी ठेवायचा ही सवलत फक्त रेडियनला आहे. पहिल्या पट्ट्याचा कोन ०.१४९ अंश आला आणि कोणी ०.१४९ हाच आकडा घेऊन त्याला दोन मीटरने गुणले, तर पट्टा मधल्यापासून तीस सेंटिमीटरवर असल्याचे उत्तर येईल. प्रत्यक्षात तो अर्ध्या सेंटिमीटरवर असतो. उत्तर सत्तावन्नपट फुगलेले दिसले की समजावे, अंश आणि रेडियनची गल्लत झाली आहे.

आता एक हिशेब नीट करू. लेसर ६५० नॅनोमीटरचा, फटींमधले अंतर पाव मिलिमीटर, भिंत दोन मीटरवर. सूत्रात घातले तर लागोपाठच्या लाल पट्ट्यांमधले अंतर ५.२ मिलिमीटर येते. शाळेच्या पट्टीवर अर्ध्या सेंटिमीटरहून थोडे जास्त, सहज मोजता येण्याजोगे. चौथा पट्टा मधल्यापासून २०.८ मिलिमीटरवर पडेल. आता कसलीही सवलत न घेता साइनवरून कोन आणि कोनावरून टॅन काढून चौथ्या पट्ट्याची जागा पाहिली, तर ती २०.८०१ मिलिमीटर येते. फरक मिलिमीटरच्या हजाराव्या भागाचा. डोक्यावरचा केस याच्या पन्नासपटीहून जाड असतो. इथे साइनला टॅन म्हटल्याबद्दल कोणी तक्रार करू शकणार नाही.

मी दहावा किंवा विसावा न घेता चौथा पट्टा घेतला, त्याला कारण आहे. प्रत्येक फटीला स्वतःचीही रुंदी असते, आणि एकट्या फटीतून जाणारा प्रकाशही पसरताना मध्ये उजळ आणि कडेला काळा होत जातो. याला विवर्तन म्हणतात. आपल्या फटी ०.०५ मिलिमीटर रुंद आहेत असे धरा, म्हणजे फटींमधल्या अंतराचा पाचवा भाग. एकट्या फटीचा पहिला काळोख नेमका तिथे पडतो जिथे दोन फटींचा पाचवा लाल पट्टा यायला हवा. परिणाम असा की पाचवा पट्टा दिसतच नाही. मधला एक आणि दोन्हीकडे चार-चार असे नऊ पट्टे एका उजळ पुंजक्यात दिसतात, मग एक मोकळी जागा, आणि त्यापलीकडे पुन्हा मंद पट्टे. प्रयोगवहीत ‘दहा पट्ट्यांचे अंतर’ लिहिणारा विद्यार्थी बरेचदा त्या मोकळ्या जागेवरून उडी मारतो आणि पुढच्या पट्ट्याला पाचवा म्हणून मोजतो, खरे तर तो सहावा असतो. एवढ्याने एकाच बाजूच्या मोजणीत मोठी चूक शिरते. मोजताना मधे दुप्पट रुंद खिंड लागली की तिथे एक हरवलेला पट्टा आहे असे धरून त्याचाही क्रमांक द्यावा.

मोजायची चांगली रीत म्हणजे एकाच जोडीतले अंतर न मोजता पुंजक्याच्या एका टोकाच्या पट्ट्यापासून दुसऱ्या टोकाच्या पट्ट्यापर्यंत मोजावे आणि मधल्या अंतरांच्या संख्येने भागावे. नऊ पट्टे म्हणजे आठ अंतरे. नऊने भागणारेही दर वर्षी भेटतात. आपल्या उदाहरणात टोकापासून टोकापर्यंत ४१.६ मिलिमीटर भरतील. पट्टी वाचण्यात अर्ध्या मिलिमीटरची चूक झाली तरी ती आठांत वाटली जाते आणि एका अंतराच्या वाट्याला फार थोडी येते.

या मोजमापात खरी कच्ची जागा कोनाची नाहीच, ती d ची आहे. पाव मिलिमीटर अंतर मोजताना एक शतांश मिलिमीटर इकडेतिकडे झाले तर तरंगलांबी चार टक्क्यांनी चुकते, म्हणजे ६५० च्या जागी ६२४ किंवा ६७६ येऊ शकतात. लहान कोनाच्या सवलतीने होणारी चूक चौथ्या पट्ट्यालाही एका टक्क्याच्या दोनशेव्या भागाइतकी असते. उत्तर चुकले की ‘सूत्र अंदाजे आहे ना’ असे म्हणून हात झटकणाऱ्यांनी हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत. इथे दोष सूत्राचा नसतो, फटींमधले अंतर घाईने मोजल्याचा असतो.

मग सूत्र खरोखर केव्हा फसते? त्यासाठी प्रयोगशाळेत जायची गरज नाही, घरात धूळ खात पडलेली जुनी गाण्यांची सीडी पुरे. सीडीच्या चकचकीत बाजूवर एक गोल गोल फिरत जाणारी बारीक रेघ असते आणि तिच्या शेजारशेजारच्या फेऱ्यांमध्ये १.६ मायक्रोमीटर अंतर असते. हे आपल्या फटींमधल्या अंतराच्या दीडशेव्या भागाहूनही कमी. सीडीवर दोनच रेघा नसतात, लेसरच्या ठिपक्याखाली शेकडो असतात, त्यामुळे रुंद पट्ट्यांऐवजी टोकदार ठिपके मिळतात. पण शेजारच्या कोणत्याही दोन रेघांना ढांगांचा नियम तोच, म्हणून ठिपक्यांच्या जागेची अटही तीच: d sin θ = mλ.

सीडीवर प्रकाश अगदी सरळ समोरून पडावा म्हणून पुठ्ठ्याला मध्ये भोक पाडून त्यातून लेसर सोडावा. सीडीपासून तीस सेंटिमीटरवरचा हाच पुठ्ठा पडदा म्हणूनही वापरायचा. लेसर तोच, ६५० नॅनोमीटरचा. सोपे सूत्र सांगते की पहिला ठिपका भोकापासून १२.२ सेंटिमीटरवर पडेल. प्रत्यक्षात तो १३.३ सेंटिमीटरवर पडतो. इथे कोन २४ अंशांचा आहे आणि कर्ण पायापेक्षा जवळजवळ तीन सेंटिमीटर लांब झाला आहे. सीडी आणि पुठ्ठा नीट समांतर असतील तर सेंटिमीटरभराचा हा फरक साध्या पट्टीलाही कळतो.

दुसऱ्या ठिपक्याला सूत्र पुरते उघडे पडते. त्याच्या हिशेबाने दुसरा ठिपका २४.४ सेंटिमीटरवर हवा, तो सापडतो ४१.८ सेंटिमीटरवर. बरेच जण पुठ्ठा लहान घेतात आणि मग दुसरा ठिपका नाहीच म्हणून सांगतात. तो असतो, पण पुठ्ठ्याच्या बाहेर भिंतीवर किंवा टेबलावर गेलेला असतो. मधल्यापासून पहिला १३.३ वर आणि पहिल्यापासून दुसरा २८.५ वर, म्हणजे पहिल्या अंतराच्या दुपटीहून जास्त. समान अंतराची गोष्ट इथे संपली. तिसऱ्या ठिपक्याची गंमत आणखी वेगळी. सोपे सूत्र बिनधास्त सांगते की तो ३६.६ सेंटिमीटरवर आहे. साइनच्या अटीत मात्र तिसऱ्या ठिपक्यासाठी sin θ ची किंमत १.२२ यावी लागते, आणि साइन एकाच्या वर कधी जात नाही. तिसरा ठिपका अस्तित्वातच नाही. जो ठिपका जगात नाही त्याची जागा मिलिमीटरपर्यंत सांगणारे सूत्र किती ताणले गेले आहे, हे यावरून कळावे.

उलट दिशेने गेले तर चूक पकडणे आणखी सोपे. पहिल्या ठिपक्याचे १३.३ सेंटिमीटर मोजून कोणी सोप्या सूत्राने तरंगलांबी काढली तर ती ७१० नॅनोमीटरच्या आसपास येते. लेसरवर ६५० छापलेले असते. दुसऱ्या ठिपक्यावरून काढली तर १११५ नॅनोमीटर येते. हा अवरक्त प्रकाश झाला, माणसाच्या डोळ्याला तो दिसत नाही. ठिपका तर समोर लालबुंद दिसतो आहे. शिवाय एकाच लेसरची तरंगलांबी पहिल्या ठिपक्यावरून एक आणि दुसऱ्यावरून दुसरी येते, ही सर्वांत भरवशाची खूण. टॅन नेहमी साइनपेक्षा मोठा असल्यामुळे ही चूक नेहमी एकाच बाजूला, जास्तीकडेच, जाते, आणि ठिपक्याचा क्रमांक वाढेल तशी फुगते. वाचनातली हातचूक अशी शिस्तीने वाढत नाही, ती कधी इकडे तर कधी तिकडे जाते.

दुरुस्ती सोपी आहे आणि त्यासाठी कोन काढायचीही गरज नाही. y ला D ने भागायचे सोडून खऱ्या कर्णाने भागायचे, म्हणजे y आणि D यांच्या वर्गांच्या बेरजेच्या वर्गमुळाने:

λ = d y / (m √(D² + y²))

पहिल्या ठिपक्याला कर्ण ३२.८ सेंटिमीटर येतो, दुसऱ्याला ५१.५. दोन्हींवरून तरंगलांबी ६५० च्या आसपासच उतरते. ज्या मोजमापांनी मघाशी दोन वेगवेगळी उत्तरे दिली त्यांनीच आता एकमेकांना दुजोरा दिला. आकडे बदलले नाहीत, पायाच्या जागी कर्ण आला इतकेच.

आणखी एक गोष्ट पुस्तकांत हटकून एकत्र केली जाते. ‘d हे D पेक्षा फार लहान आहे’ आणि ‘y हे D पेक्षा फार लहान आहे’ ही दोन वाक्ये एका दमात येतात, जणू एकच. ती वेगळी आहेत. पहिल्याने किरण समांतर मानता येतात, म्हणजे d sin θ लिहिता येते. दुसऱ्याने साइनच्या जागी टॅन ठेवता येतो. सीडीत पहिले उत्तम पाळले जाते आणि दुसरे मोडते, म्हणून तिथे साइनची अट टिकली आणि सोपे सूत्र पडले.

दोन्ही मोडतील असे उदाहरण हवे तर प्रकाश सोडून आवाजाकडे जावे लागेल. दोन मीटर अंतरावर ठेवलेल्या दोन ध्वनिवर्धकांतून एकच सूर सोडला, साधारण ६८६ हर्ट्झचा, तर त्याची तरंगलांबी अर्धा मीटर असते. त्यांच्यासमोर तीन मीटरवरच्या रेषेत चालत गेले तर मध्यावर आवाज मोठा, मग बारीक, मग पुन्हा मोठा होतो. हा पुढचा मोठा आवाज मध्यापासून किती दूर? सोपे सूत्र ७५ सेंटिमीटर सांगते. साइन आणि टॅन वेगळे ठेवले तर ७७. आणि समांतर किरणांची सवलतही सोडून दोन्ही ध्वनिवर्धकांपासूनची अंतरे थेट पायथागोरसने काढली, तर ८१. ७७ पर्यंतची वाढ कोनाची, ८१ पर्यंतची समांतरपणाची. खोलीत भिंतींवरून आवाज परत फिरतो म्हणून हा प्रयोग मोकळ्या मैदानावरच नीट होतो.

रोजच्या वापरासाठी एवढे लक्षात ठेवले तरी भागते: y ला D ने भागून जो अपूर्णांक येतो त्याचा वर्ग करून अर्धा घ्यायचा, तेवढी चूक सोपे सूत्र करते. y हे D च्या दहाव्या भागाइतके असेल तर चूक अर्धा टक्का, पाचव्या भागाइतके असेल तर दोन टक्के. सीडीच्या पहिल्या ठिपक्याला हे गणित दहा टक्क्यांच्या जवळ जाते, खरी चूक नऊच्या जवळ आहे, म्हणजे इशारा म्हणून तिथेही पुरेसे. चूक हातच्या पट्टीच्या चुकीपेक्षा लहान असेल तर सोपे सूत्र खुशाल वापरावे. मोठी असेल तर वर्गमूळ काढण्याचा आळस करू नये.

पाठ्यपुस्तके λD/d हे सूत्र चौकटीत छापतात आणि त्याची अट मागच्या पानावरच्या सिद्धतेत ठेवतात. विद्यार्थी चौकट पाठ करतात आणि सीडीवरचे किंवा ग्रेटिंगवरचे गणित आले की तेच सूत्र तिथेही लावतात. y हे D च्या दहाव्या भागापेक्षा कमी असावे, एवढी एक ओळ त्याच चौकटीत बसते. ती तिथे छापायला हवी, आणि ती छापली जाईपर्यंत शिक्षकांनी फळ्यावर सूत्राशेजारी ती हाताने लिहावी.